गमबूट गर्लचं मुखपृष्ठ

ऑगस्ट 1962 अशी तारीख असलेल्या ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात स्पायडर-मॅन पहिल्यांदा अवतरला. त्या अंकासाठी दोन मुखपृष्ठं काढली गेली, हे मात्र फार थोड्या वाचकांना ठाऊक असतं. पहिलं काढलं ते स्टीव्ह डिट्कोने. आतली गोष्टही त्यानेच चितारली होती. पण संपादक स्टॅन ली यांना ते मुखपृष्ठ पुरेसं जोरकस वाटलं नाही. त्यांनी जॅक कर्बीकडून दुसरं काढून घेतलं आणि त्याच्या पेन्सिलीवर शाई चढवली ती डिट्कोनेच. नायक तोच, काखोटीला मारलेला माणूस तोच, जाळ्याच्या दोरावरचा झोकाही तोच. कर्बीने फक्त नायक मोठा केला आणि वाचकाच्या अगदी पुढ्यात आणला. छापलं गेलं ते हेच मुखपृष्ठ.

घरी केलेल्या सुपरहिरोच्या वेशातल्या मुलाचा फोटो कॉमिकच्या मुखपृष्ठात बदलायचा असेल, तर कामाची सुरुवात इथून होते. बहुतेक पालक उलट्या बाजूने सुरुवात करतात. स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री शिवलेला वेश, भिंतीला टेकून ताठ उभं असलेलं मूल, आणि उभ्या उभ्या छातीच्या उंचीवरून खाली वाकवलेला फोन. या फोटोला मग कार्टूनसारखा दिसणारा एखादा फिल्टर लावला जातो, मागे स्फोट चिकटवला जातो, वर जाड अक्षरं येतात. तरी चित्र निर्जीवच राहतं, कारण वरून पाहिलेलं मूल लहानच दिसतं आणि ताठ उभं असलेलं मूल थांबलेलंच दिसतं. रंग आणि ठिपके हे दोष झाकू शकत नाहीत. ते दूर करायचे तर फोटो घेतानाच करावे लागतात.

उदाहरण म्हणून एक वेश घेऊ. सात वर्षांची मुलगी. अंगात निळा टी-शर्ट आणि निळा पायजमा, त्यावर लाल चड्डी, पाठीवर आईची लाल ओढणी. छातीवर खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेली, पिवळ्या पोस्टर कलरने रंगवलेली आणि थोडी तिरकी बसलेली वीज. डोळ्यांवर जुन्या काळ्या मोज्याला भोकं पाडून केलेला मुखवटा. पायांत पावसाळ्यातले पिवळे गमबूट. नाव तिनेच ठेवलेलं: गमबूट गर्ल. हे नाव ऐकताच मुखपृष्ठाचा अर्धा प्रश्न सुटतो. या नायिकेची ताकद बुटांत आहे, म्हणजे वाचकाच्या अंगावर यायला हवा तो बूट, मूठ नव्हे.

बूट अंगावर येतो तो अंतराच्या हिशेबाने. कॅमेऱ्यात वस्तू किती मोठी दिसणार हे तिच्या अंतरावर ठरतं: अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट. मुलगी तीन मीटर दूर बसली असेल आणि तिने पाय पुढे केला, तर बूट अडीच मीटरवर येतो आणि चेहरा तीन मीटरवर राहतो. फरक इतका किरकोळ की पाय नुसता आखूड झाल्यासारखा वाटतो. तोच फोन जवळ आणून बूट 40 सेंटीमीटरवर आणि चेहरा एक मीटरवर ठेवला, तर बूट चेहऱ्याच्या मानाने अडीच पट मोठा दिसतो. कर्बीच्या चित्रांतल्या मुठी पानाबाहेर आल्यासारख्या वाटतात त्यामागे हाच नियम आहे, फक्त तो ते हाताने काढायचा. फोनची नेहमीची लेन्स बऱ्यापैकी रुंद दृश्य टिपते, म्हणून इतक्या जवळूनही मूल चौकटीत मावतं. लांब उभं राहून झूम केलं तर मात्र हा परिणाम मिळत नाही. झूम सगळंच सारख्या प्रमाणात मोठं करतो, बूट आणि चेहरा यांचं नातं बदलत नाही.

अडीच पट हे प्रमाण आपल्या उदाहरणात जरा जास्तच होतं. गमबुटाचा तळवा मुळातच त्या वयाच्या मुलीच्या चेहऱ्यापेक्षा लांब असतो, त्यामुळे तो तीन चेहऱ्यांएवढा होऊन छातीवरची वीज झाकून टाकतो. फोन थोडा मागे घेऊन बूट 55 सेंटीमीटरवर आणि चेहरा एक मीटर दहावर ठेवला की प्रमाण दुपटीवर येतं. बूट उजव्या खालच्या कोपऱ्यात, चेहरा डावीकडे वर, आणि मधली तिरकी जागा विजेसाठी मोकळी. ही तिरकी रेघ फार महत्त्वाची. मुखपृष्ठावरची आकृती पानाच्या कडांना समांतर असली की ती उभी राहते, कर्णावर आली की निघते.

यासाठी मुलीला उडी मारायला लावण्याची गरजच नाही. पाठ नसलेल्या बुटक्या स्टुलावर तिला बसवायचं, एक पाय कॅमेऱ्याकडे झोकायचा, दुसरा गुडघ्यात मुडपून मागे घ्यायचा, खांदे मागे आणि हनुवटी पुढे. डोक्यापासून पुढच्या टाचेपर्यंत एक वाकलेली रेघ मनात काढता आली पाहिजे. चित्रकार हिला कृतीची रेषा म्हणतात. मधेच कंबरेत ती रेघ मोडली, तर मुलगी उडी घेत नाहीये, बसली आहे, हे लगेच कळतं. फोन जमिनीपासून वीतभर उंचीवर, किंचित वर रोखलेला. फ्लॅश बंद, आणि मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोडही बंद, कारण तो ओढणीच्या आणि केसांच्या कडा खाऊन टाकतो. प्रकाश एका बाजूच्या खिडकीतून यावा. फोन पुस्तकांच्या ढिगावर टेकवून ठेवला असेल, तर शेवटी मुलगी आणि स्टूल दोन्ही बाजूला करून रिकाम्या जागेचा एक फोटो जरूर घ्यावा. स्टूल पुसताना मागे नेमकं काय होतं, हे मग अंदाजाने रंगवावं लागत नाही.

आता केप. कॉमिक्समध्ये तिचं काम शोभेचं कमी आणि वेगाचं जास्त आहे. जो शुस्टरने 1938 च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या मुखपृष्ठावर हिरवी मोटार डोक्यावर उचललेला सुपरमॅन काढला, तेव्हापासून केप वाचकाला एकच गोष्ट सांगत आली आहे: नायक क्षणापूर्वी कुठे होता. चित्रात तर हालचाल नसते. मागे राहिलेलं कापड ती भरून काढतं.

ओढणीने हे काम करावं असं वाटत असेल, तर ती गळ्यात गाठ मारून बांधू नये. पहिलं कारण सुरक्षिततेचं. ओढणी दाराच्या कडीत किंवा स्टुलाच्या पायात अडकली तर गळ्याला फास बसतो. टी-शर्टच्या दोन्ही खांद्यांवर वेल्क्रोचे तुकडे लावून ती चिकटवली, की ताण येताच सुटून येते. दुसरं कारण चित्राचं. कापडाला घड्या पडतात त्या जिथे ते धरलेलं असतं तिथून. गळ्यातली गाठ सगळ्या घड्या हनुवटीखाली गोळा करते आणि छातीवरचं चिन्ह झाकते. दोन खांद्यांवर धरलेल्या कापडाला दोन ठिकाणांहून घड्या फुटतात आणि मधे झोळ पडतो. केप म्हणून डोळा ओळखतो तो हाच आकार.

फोटो काढताना कुणीतरी चौकटीबाहेर बसून ओढणीची दोन्ही टोकं वर झुगारायची आणि सोडून द्यायची. ओळीने बरेच फोटो घेतले की त्यांतल्या एखाद्यात कापडाला छान वळण मिळतं. मुलीचा चेहरा उत्तम आहे तो फोटो आणि ओढणी उत्तम आहे तो फोटो सहसा वेगवेगळे निघतात. त्याने काही बिघडत नाही. फोन हलला नसेल तर एकातली केप उचलून दुसऱ्यात बसवता येते. ती बसवताना तीन गोष्टी तपासाव्यात. केस आणि केप एकाच दिशेला उडताहेत का? कापडाची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा गडद आहे का? आणि केप दोन्ही खांद्यांमागे सारखीच पसरलेली तर नाही ना? तशी असली तर ती मागे टांगलेल्या पडद्यासारखी दिसते. एक बाजू लांब आणि उंच, दुसरी खांद्याआड जवळजवळ लपलेली, अशी केप उडते.

फोटो जुळला की रेषांचं काम सुरू. हा टप्पा संगणकावर सोपवून मोकळं व्हावं असं फार वाटतं, आणि इथेच बहुतेक मुखपृष्ठं बिघडतात. जिंप या मोफत प्रणालीत Colors > Threshold ही आज्ञा आहे. ती फोटोतली प्रत्येक जागा शुद्ध काळी किंवा शुद्ध पांढरी करून टाकते. कापडावर आणि बुटांवर ती छान चालते, ओढणीच्या घड्यांतल्या सावल्या ठसठशीत उमटतात. पण चेहऱ्यावर तीच आज्ञा गालाच्या सावलीची दाढी करते आणि नाकाच्या कडेची मऊ छटा मिशीत बदलते. म्हणून ही काळी-पांढरी प्रत फक्त सावल्यांचा नकाशा म्हणून वापरावी. तिच्याखाली मूळ फोटो फिकट करून ठेवावा आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर घेऊन त्यावर रेषा हातानेच ओढाव्यात. संगणकावर काम करायचं नसेल, तर फोटो फिकट छापून घ्यावा, खिडकीच्या काचेवर धरून वर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि काळ्या पेनाने गिरवावा. चांगल्या हाताने गिरवलेली रेष यंत्राच्या कडेपेक्षा कितीतरी बोलकी असते.

रेषा एकाच जाडीची असू नये. ए-4 आकाराच्या मुखपृष्ठात आकृतीची बाहेरची रेघ एक मिलिमीटरच्या आसपास, कपड्यांच्या घड्या तिच्या निम्म्या, चेहऱ्यावरच्या रेघा पाव मिलिमीटर. जवळच्या बुटाची कडा सर्वांत जाड, मागे गेलेल्या पायाची बारीक. एवढ्यानेच खोली दिसू लागते. चेहऱ्यावर मात्र हात आखडता घ्यावा. भुवया, डोळे, नाकपुड्यांची एक छोटी खूण, ओठांमधली रेघ, बस्स. गालावर, डोळ्यांखाली किंवा नाकापासून ओठांपर्यंत ओढलेली प्रत्येक रेघ मुलाचं वय वाढवते. सात वर्षांच्या मुलीचा चेहरा चाळिशीतल्या बाईचा दिसू लागला, तर रेघा वाढवून तो सुधारत नाही, खोडून सुधारतो.

शरीराच्या प्रमाणातही हीच खबरदारी हवी. स्टॅन ली आणि जॉन बुसेमा यांच्या 1978 च्या प्रसिद्ध चित्रकलेच्या पुस्तकात सुपरहिरोची उंची त्याच्या डोक्याच्या पावणेनऊ पट धरली आहे. सात वर्षांचं मूल असतं सुमारे सहा डोक्यांएवढं. त्याला ताणून आठावर नेलं किंवा मोठ्या माणसाच्या पिळदार धडावर त्याचा चेहरा बसवला, की मूल नाहीसं होतं आणि लहान डोक्याचा एक अनोळखी इसम उरतो. पाय लांब दिसावेत, छाती भरदार वाटावी, हे काम खालून धरलेल्या फोनने आधीच केलेलं असतं. त्याच्या वर काही ओढाताण करू नये.

आणि वेशाला तर हात लावूच नये. अ‍ॅलेक्स रॉस हा अमेरिकन चित्रकार या बाबतीत गुरू मानावा असा आहे. 1994 ची ‘मार्व्हल्स’ आणि 1996 ची ‘किंगडम कम’ या त्याच्या मालिका गाजल्या. तो ओळखीच्या माणसांना उभं करून त्यांचे फोटो काढतो आणि त्यांवरून गॉश रंगांत पानं रंगवतो. ‘किंगडम कम’मधल्या वृद्ध पाद्र्यासाठी तर त्याचे स्वतःचे वडील मॉडेल होते. त्याचा सुपरमॅन खरा वाटतो, कारण त्याच्या अंगावरचं कापड कापडासारखं वागतं: काखेत चुण्या पडतात, पोटावर ताणतं, केपला वजन असतं. घरच्या वेशात हे सगळं आयतंच हजर असतं. गमबूट गर्लच्या पुठ्ठ्याच्या विजेची कड जरा उचकटली आहे, मोज्याचा मुखवटा एका डोळ्यावर किंचित खाली आहे, बुटावर चिखलाचा एक थेंब आहे. या खुणा शाईत उतरायलाच हव्यात. चकचकीत चिलखत चढवलं की ती कुणाचीही नायिका होते. तिची तिरकी वीज फक्त तिच्याकडे आहे.

रंगांकडे वळताना जुन्या छपाईची अडचण समजून घेतली तर फायदा होतो. कित्येक दशकं अमेरिकन कॉमिक्स स्वस्त कागदावर चार शाईंत छापली जात. निळी, गुलाबी आणि पिवळी या प्रत्येक शाईचे पाव, अर्धा आणि पूर्ण असे तीन जोर, शिवाय ती मुळीच नसणं हा चौथा पर्याय. चार गुणिले चार गुणिले चार, एवढे चौसष्ट रंग, आणि त्यांवर काळी रेघ. फिकट छटा म्हणजे सुटे सुटे ठिपके. जुन्या कॉमिकचा जो भडक, सरळसोट रंग आपल्याला ओळखीचा वाटतो तो या मर्यादेतून आलेला आहे. म्हणून गमबूट गर्लसाठीही मोजकेच रंग निवडावेत. एक निळा, एक लाल, एक पिवळा, मागे पावसाळी आभाळाचा हिरवट करडा. प्रत्येक रंग रेषांच्या खालच्या थरावर सपाट भरायचा आणि सावलीसाठी वर Multiply पद्धतीचा एक थर ठेवायचा, म्हणजे सावलीतला लाल लालच राहतो, फक्त गडद होतो. ठिपके आभाळातच शोभतात. चेहऱ्यावर ते गोवराच्या पुरळासारखे दिसण्याची भीती असते.

त्वचेचा रंग तयार रंगपेटीतून घेऊ नये. तिथला ‘त्वचा’ नावाचा रंग बहुधा गुलाबी असतो, आणि आपल्याकडचं सावळं किंवा गव्हाळ मूल मुखपृष्ठावर अचानक गोरं होऊन बसतं. फोटोतल्याच गालाचा, ना ऊन ना सावली असा मधला रंग उचलावा आणि तोच सपाट भरावा. ज्यांना काळी रेघ नकोच आहे त्यांनी वेगळा मार्ग धरावा. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने 1964 साली सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी वाचकांना वेताळ भेटला. त्या मालिकेची कित्येक मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवली. त्यांत छटा एकमेकींत मिसळतात, जंगलाला अंधार असतो. फोटोवरून तसं मुखपृष्ठ करायला रंगवण्याचा सराव लागतो, मात्र चेहऱ्याचं सारखेपण त्यात अधिक टिकतं.

नाव कुठे येणार हे फोटो काढतानाच ठरलेलं असावं. पानाचा वरचा पाव भाग त्यासाठी मोकळा हवा. नायकाचं डोकं नावावर थोडं चढवायचं, ही कॉमिक्समधली जुनी युक्ती आहे. त्याने आकृती पानातून पुढे येते. देवनागरीत मात्र ती सांभाळून वापरावी लागते. रोमन अक्षरांचा खालचा भाग झाकला तरी वरच्या भागावरून ती बऱ्याचदा ओळखता येतात. देवनागरीत वर शिरोरेघ सारखीच, अक्षराची ओळख तिच्याखाली. डोक्याने ‘गमबूट’मधल्या म आणि ब यांचे खालचे भाग झाकले तर वाचणारा अडखळतो. त्यापेक्षा ‘गमबूट’ आणि ‘गर्ल’ या शब्दांच्या मधल्या फटीत डोकं घुसवावं किंवा केपचं टोक शिरोरेघेवरून जाऊ द्यावं. बू-चा दीर्घ उकार खाली उतरतो आणि ‘र्ल’चा रफार वर चढतो, तेव्हा दोन्ही बाजूंना जागा सोडावी. शिरोरेघेचा एक फायदाही आहे. ती डावीकडून उजवीकडे जाड होत गेलेली काढली, तर अख्खं नाव वाचकाकडे झेपावतं.

छातीवर दुसऱ्या कुणाचं प्रसिद्ध चिन्ह असलेलं मुखपृष्ठ घरच्या भिंतीवर लावण्याने काही अडत नाही. पण वाढदिवसाचे मग आणि टी-शर्ट छापून विकायचे तर ती चिन्हं कंपन्यांच्या मालकीची आहेत. पुठ्ठ्याची स्वतःची वीज असली की हा प्रश्न उद्भवतच नाही. मागच्या भिंतीवरची सोसायटीची पाटी, शाळेचं ओळखपत्र, दारावरचं आडनाव हेही चित्रात येऊ देऊ नये, विशेषतः ते सगळ्यांना पाठवलं जाणार असेल तर.

छापण्यासाठी ए-4 आकाराचं पान इंचाला 300 ठिपके या हिशेबाने 2480 बाय 3508 पिक्सेलचं करावं आणि चारही बाजूंना तीन मिलिमीटर जास्तीची पार्श्वभूमी ठेवावी, म्हणजे कापताना पांढरी कड राहत नाही. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर हमखास मंद किंवा जांभळट उतरतो. त्यामुळे छापखान्यात पूर्ण प्रत काढण्याआधी निळा आणि त्वचेचा रंग असलेला एक छोटा तुकडा छापून पाहावा. डाव्या वरच्या कोपऱ्यातली चौकट सगळ्यात शेवटी भरायची. तिथे नायिकेचं छोटं चित्र, अंक क्रमांक आणि किंमत येते. ती भरताना मुलीलाच विचारावं. गमबूट गर्लच्या पहिल्या अंकाची किंमत तिने ‘दोन पेरू’ अशी ठरवली, तर तीच छापावी.